नजरगहाण कांडप यंत्र

गेल्या वर्षी एका लहान सहकारी बँकेचं काम माझ्याकडे आलं. छोट्या व्यवसायांसाठीच्या कर्जाचं माहितीपत्रक मराठीत करून द्यायचं होतं. एकच कागद, तीन घड्या, मजकूर जेमतेम चारशे शब्दांचा. मी अनुवादाची कामं करते, त्यामुळे हे एका संध्याकाळचं काम आहे असं वाटलं. प्रिन्सिपल म्हणजे मुद्दल, इन्स्टॉलमेंट म्हणजे हप्ता, कोलॅटरल म्हणजे तारण. तिन्ही शब्द मराठीत आधीच आहेत, नवीन घडवायचं काहीच नाही. रात्री जेवायच्या आधी मसुदा तयार झाला.

पाठवण्याआधी कुणाला तरी वाचून दाखवावा म्हणून तळमजल्यावरच्या मावशींकडे गेले. त्या मिरची कांडप यंत्र घेण्याच्या विचारात होत्या. आजवर मसाले दुसऱ्याच्या गिरणीतून कुटून आणायच्या आणि पाव-पाव किलोची पाकिटं करून विकायच्या. म्हणजे हे पत्रक ज्यांच्यासाठी, त्यातल्याच त्या. शेजारी त्यांचा मुलगा फोनवर काहीतरी बघत बसला होता.

"कर्जाची परतफेड मुद्दल व व्याजाच्या समान मासिक हप्त्यांत करावी," मी वाचलं.

मावशींनी मान डोलावली. मुलाने फोनवरून डोळे न काढता विचारलं, "मुद्दल म्हणजे काय?"

"अरे, मूळ पैसे. घेतलेली रक्कम."

"मग प्रिन्सिपल अमाउंट म्हणा ना."

"प्रिन्सिपल तुझ्या कॉलेजात असतात," मावशी म्हणाल्या.

एकाच घरात एकाला मुद्दल परका आणि दुसरीला प्रिन्सिपल. मी तिथेच पेनाने लिहिलं, "मुद्दल, म्हणजेच प्रिन्सिपल". शुद्ध मराठीवाले नाक मुरडतील तर मुरडू देत. त्या मुलाला कर्ज देणारी ॲप्स मुद्दल हा शब्द वापरत नाहीत, आणि पुढच्या पाच-सात वर्षांत कुठल्या ना कुठल्या करारावर सही तोच करणार आहे.

पण खरी अडचण पुढे होती. दोघांनाही आता शब्द कळला होता, आणि हिशोब दोघांनाही कळला नव्हता. पत्रकात नमुन्याचं उदाहरण दिलं होतं : कर्ज १,००,००० रुपये, व्याज वर्षाला १२ टक्के, मुदत ३६ महिने, हप्ता ३,३२१ रुपये. मावशींनी पंचांगाच्या मागच्या कोऱ्या पानावर आपला हिशोब मांडला. लाखाला ३६ ने भागलं तर महिन्याला २,७७८. लाखावर महिना एक टक्का व्याज, म्हणजे १,०००. बेरीज ३,७७८.

"बँक साडेचारशे कमी का घेतेय? नंतर कुठून तरी काढणार असेल," त्या म्हणाल्या.

त्यांचा हिशोब चुकीचा नव्हता. तो वेगळ्या पद्धतीचा होता. हातउसने पैसे देणारे, दुकानात हप्त्याने वस्तू विकणारे, काही फायनान्सवाले, हे सगळे असाच हिशोब करतात. पूर्ण मुदतभर मूळ लाखावरच व्याज चालू ठेवायचं, मधे कितीही परत आलेले असोत. याला फ्लॅट रेट म्हणतात. बँकेचं व्याज मात्र घटत्या शिलकीवर असतं. जेवढं मुद्दल उरलंय, तेवढ्यावरच त्या महिन्याचं व्याज.

मी त्याच पानावर खाली लिहीत गेले. पहिल्या महिन्यात लाखावर एक टक्का, म्हणजे १,००० व्याज. हप्ता ३,३२१. त्यातले हजार व्याजाला गेले, उरलेले २,३२१ मुद्दलात. आता मुद्दल राहिलं ९७,६७९. दुसऱ्या महिन्याचं व्याज या रकमेवर : ९७७ रुपये. हप्ता तोच, म्हणून मुद्दलात जातात २,३४४. राहिले ९५,३३५. असं दर महिन्याला व्याजाचा वाटा थोडा कमी, मुद्दलाचा वाटा थोडा जास्त. शेवटच्या, छत्तिसाव्या हप्त्यात व्याज उरतं फक्त ३३ रुपयांच्या आसपास. तीन वर्षांचं एकूण व्याज होतं साधारण १९,५७० रुपये. मावशींच्या पद्धतीने ते ३६,००० झालं असतं.

मुलाने फोन बाजूला ठेवला. "म्हणजे दोन्हीकडे बारा टक्केच म्हणणार?"

हो, दोन्हीकडे बारा टक्केच म्हणतात. पण ३,७७८ चा हप्ता घटत्या शिलकीच्या भाषेत मांडला तर तो दर एकवीस टक्क्यांच्या वर जातो. कारण सोपं आहे. दोन वर्षांनी दोन तृतीयांश पैसे परत केलेले असतात, तरी व्याज पूर्ण लाखावरच चालू असतं. म्हणून दर विचारताना "किती टक्के" एवढं विचारून भागत नाही, "कशावर" हेही विचारावं लागतं. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशा कर्जांसोबत की फॅक्ट स्टेटमेंट नावाचा कागद द्यावाच लागतो, तोही कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत. त्यात एपीआर नावाचा एक आकडा असतो. व्याज आणि बाकीचे आकार धरून वर्षाला खरोखर किती टक्के पडतात, ते तो सांगतो. फ्लॅट रेटची गंमत त्या आकड्यात उघडी पडते.

मावशींना अजून एक गोष्ट खटकली. त्यांनी बारा हप्त्यांची बेरीज केली, ३९,८५२ रुपये. "म्हणजे वर्षाने साठ हजार राहणार." नाही, राहणार सुमारे ७०,५६०. वर्षभरात भरलेल्यातले दहा हजारांहून जास्त व्याजाला गेलेले असतात. इथे हप्ता हा शब्दच फसवतो. फारसीत हफ्त म्हणजे सात, हिंदीत आजही हफ्ता म्हणजे आठवडा. मराठीत तो ठराविक मुदतीने द्यायच्या पैशांचा शब्द झाला, मग ती भिशी असो, विमा असो की बाजारातल्या दादाची वसुली. भिशीचा हप्ता पूर्ण जमा होतो. कर्जाचा हप्ता आधी व्याज खातं आणि उरलेलं मुद्दलाला मिळतं. पत्रकात मी शेवटी असं लिहिलं : "तुमच्या हप्त्यातून आधी त्या महिन्याचं व्याज वळतं होतं, उरलेल्या रकमेने मुद्दल कमी होतं." शिवाय खाली एक ओळ, की सणासुदीच्या कमाईतून जादा पैसे भरायचे असतील तर ते मुद्दलात जमा करायला लेखी सांगावं. नाहीतर ते पुढच्या हप्त्यांपोटी आगाऊ म्हणून पडून राहण्याची शक्यता असते, आणि व्याज तेवढं कमी होत नाही.

आता तिसरा शब्द. इंग्रजी पत्रकात ठळक अक्षरांत होतं, "कोलॅटरल लागणार नाही". मी ठळक अक्षरांतच लिहिलं, "तारणाची गरज नाही". मावशींचा चेहरा उजळला. "म्हणजे मशीन माझंच. नाही जमलं तर नणंदेच्या मुलाला विकून टाकीन, तो घ्यायला तयारच आहे."

मी त्या रात्री मसुदा पाठवून दिला. दुसऱ्या दिवशी बँकेतल्या कर्ज विभागाच्या मॅडमचा फोन आला. "तुमची ती ठळक ओळ चुकीची आहे. लोक मशीन विकून मोकळे होतील."

त्यांनी समजावलं ते असं. बँकेच्या भाषेत कर्जाच्या पैशांतून जी वस्तू घेतली जाते, ती मुख्य सुरक्षा. तिच्याखेरीज कर्जदार आपलं घर, ठेव, सोनं असं जे वेगळं काही देतो, त्याला कोलॅटरल म्हणायचं. म्हणजे "कोलॅटरल नको" याचा अर्थ घर-सोनं नको, एवढाच. कांडप यंत्र बँकेकडे बांधलेलं असतंच. मराठी तारण या दोन्हींना सामावून घेतं, त्यामुळे माझं वाक्य इंग्रजीपेक्षा मोठं वचन देऊन बसलं होतं. शब्दाला शब्द बरोबर होता, पण मावशींनी त्याच्या भरवशावर नणंदेच्या मुलाला होकारही दिला असता.

"मग यंत्रावरच्या हक्काला तुम्ही काय म्हणता?" मी विचारलं.

"नजरगहाण," मॅडम अगदी सहज म्हणाल्या. "आमच्या कागदांवर कायम हाच शब्द असतो."

मला तो शब्द ठाऊक नव्हता, हे कबूल करायला हवं. इंग्रजीत याला हायपोथिकेशन म्हणतात आणि तो शब्द ऐकून कुणालाही काही उमगत नाही. मराठी शब्द मात्र आपला अर्थ सोबत घेऊन येतो. सोन्यावर कर्ज घेतलं की दागिना बँकेच्या तिजोरीत जातो, ताबा बँकेचा. ते ताबेगहाण. यंत्र, रिक्षा, दुकानातला माल हे मात्र कर्जदाराकडेच राहतं, कारण ते चाललं तरच हप्ते फिटणार. बँकेची त्यावर नजर असते. ते नजरगहाण. अधिकारी अधूनमधून यंत्र जागेवर आहे का, चालू आहे का हे बघायला येतो. विम्याच्या कागदावर बँकेचं नाव असतं, म्हणजे आग लागली तर भरपाईवर पहिला हक्क बँकेचा. आणि कर्ज फिटेपर्यंत बँकेच्या परवानगीशिवाय ते यंत्र विकता येत नाही. विकलं तर तो करारभंग, प्रकरण पोलिसांपर्यंतही जाऊ शकतं. हप्ते थकले तर कराराप्रमाणे बँक ते यंत्र ताब्यात घेऊन विकू शकते, आणि विकूनही रक्कम भरून निघाली नाही तर उरलेली बाकी कर्जदाराच्या डोक्यावर राहते.

पत्रकातली ओळ आम्ही दोघींनी मिळून बदलली : "घर, जमीन किंवा सोनं तारण द्यावं लागत नाही. कर्जातून घेतलेलं यंत्र मात्र कर्ज फिटेपर्यंत बँकेकडे नजरगहाण राहील. ते तुम्ही वापरू शकता, परवानगीशिवाय विकू शकत नाही." ठळक एका ओळीच्या जागी साध्या अक्षरांत तीन ओळी झाल्या. मार्केटिंगवाल्यांनी कुरकुर केली, जागा पुरत नाही म्हणाले. कोपऱ्यातलं हसऱ्या कुटुंबाचं चित्र लहान करून घेतलं.

बदललेली ओळ मी मावशींना पुन्हा वाचून दाखवली. त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग नणंदेच्या मुलाला फोन लावून म्हणाल्या, "यंत्राचं मनावर घेऊ नकोस, ते तीन वर्षं बांधलेलं असणार." कर्ज घ्यायचं की नाही, हे ठरवायला त्यांनी आणखी पंधरा दिवस घेतले. पंचांगाच्या पानावर मी लिहिलेल्या रकमांखाली त्यांनी स्वतःचं एक कोष्टक काढलं होतं. महिन्याला मसाला किती किलो जातो, मिरची महागली तर काय उरतं, आणि पावसाळ्यातले चार मंद महिने कसे काढायचे. शेवटी त्यांनी लाखाऐवजी सत्तर हजार मागितले आणि बाकीचे भिशीतून घातले. सत्तर हजारांचा हप्ता २,३२५ बसतो, पावसाळ्यातही निघेल म्हणाल्या.

यंत्र दिवाळीच्या आधी आलं. त्याच्या हिरव्या पत्र्यावर रंगाऱ्याकडून पांढऱ्या अक्षरांत लिहून घेतलंय, वर मोठ्या अक्षरांत मसाल्याचं नाव आणि खाली बँकेकडे नजरगहाण असल्याची ओळ. खालची ओळ एवढी बारीक का, म्हणून मी विचारलं.

"साहेबाला जवळ येऊन वाचू दे," त्या म्हणाल्या. "गिऱ्हाइकाला कशाला?"