पाकिटाची मागील बाजू

गतवर्षी पावसाळ्यात तापातून उठल्यावर आम्ही भालकीच्या बाजारातून तयार सुपाचे एक पाकीट आणले. त्यावर ठळक अक्षरांत छापले होते, की यात एम.एस.जी., म्हणजे लोक ज्यास अजिनोमोटो म्हणतात ते, वरून घातलेले नाही. आम्ही भोळेपणाने नववीच्या वर्गात त्या पाकिटाची स्तुतीही केली. दुसऱ्या दिवशी एक विद्यार्थिनी तसलेच रिकामे पाकीट घेऊन आली व म्हणाली, "सर, मागची बाजू वाचलीत का?"

मागे मक्याचे पीठ, मीठ, साखर, वाळविलेल्या भाज्या असा क्रम होता. पुढे 'हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन', 'यीस्ट एक्स्ट्रॅक्ट' आणि शेवटी 627 व 631 हे आकडे. एम.एस.जी.चा आकडा 621. तो मात्र कोठेच नव्हता.

आम्ही पडलो कलाशाखेचे! तेव्हा विज्ञानाच्या बाईंना शरण गेलो. त्या म्हणाल्या, "प्रथिन ही अमिनो आम्लांची माळ. तिच्यातील ग्लुटामिक आम्ल गुंफलेले असेतो जिभेस कळत नाही. सुटे झाले की त्याची रुची लागते." हीच रुची 1908 साली जपानच्या किकुनाए इकेदा यांनी कोंबू नामक सागरी वनस्पतीत शोधून काढली. सोयाबीन वा शेंगदाण्याचे प्रथिन आम्लाने तोडले, किंवा यीस्टचे प्रथिन त्याच्याच विकरांकरवी विघटित होऊ दिले, की हे मणी सुटे होतात. 627 व 631 ही द्रव्ये ग्लुटामेटची रुची पुष्कळ वाढवितात. एकटी असता त्यांचा फारसा उपयोग नाही. म्हणून 621 नसताना ही दोन दिसली, तर ग्लुटामेट कोठून आले, हे यादीत शोधावे.

असाच वाद 2015 साली मॅगीच्या बाबतीत उद्भवला होता. तपासणीत ग्लुटामेट आढळले. कंपनीचे म्हणणे, ते शेंगदाण्याचे प्रथिन, कांद्याची पूड, गव्हाचे पीठ यांतून आले. शिसे व हा दावा यांवरून 5 जूनला विक्री थांबविण्याचा आदेश निघाला; मुंबई उच्च न्यायालयाने 13 ऑगस्टला तो रद्द केला. खरी अडचण अशी, की प्रयोगशाळेस ग्लुटामेट किती ते सांगता येते, पण ते वरून घातलेले की घटकांतूनच आलेले, हे सांगता येत नाही. अमेरिकेत अशा घटकांचे पदार्थ हा दावा करूच शकत नाहीत.

यादीवरूनही प्रमाण कळत नाही. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने असतात, एवढाच अंदाज मिळतो. शिवाय ग्लुटामेट म्हणजे विष नव्हे. पिकल्या टोमॅटोतही ते असते. आमची तक्रार रुचीविषयी नव्हे, शब्दांविषयी होती. "वरून घातलेले नाही" याचा अर्थ आम्ही "नाहीच" असा केला होता.

त्याच दिवशी आम्ही वर्गापुढे आपली स्तुती परत घेतली. ती विद्यार्थिनी संकोचून खाली पाहत होती. वास्तविक संकोच वाटावयाचा तो आम्हांस.