फोल्डर दिला, फाइल राहिली

संस्थांची गूगल खाती सांभाळणं हे माझं काम. कुणी नोकरी सोडली की निरोप येतो, ‘त्यांचं खातं काढून टाका.’ तेव्हा मी आधी विचारतो, त्यांच्या नावावरच्या फायली कोण घेणार?

‘माय ड्राइव्ह’मधली फाइल ज्यानं तयार केली त्याच्या नावावर असते. ती कितीही जणांशी शेअर केलेली असो, मालक एकच. शिवाय फोल्डरची मालकी वेगळी आणि आतल्या प्रत्येक फायलीची वेगळी. गावोगावी वाचनालयं चालवणाऱ्या एका संस्थेला याचा फटका बसला. समन्वयक बाईंनी जाताना प्रकल्पाचा फोल्डर सहकाऱ्याच्या नावावर करून दिला. काम झालं असं समजून कार्यालयानं खातं काढलं. पुढे पुस्तकखरेदीच्या हिशेबाची शीट उघडेना. फोल्डर जागेवर होता, पण शीट बाईंच्याच नावावर राहिली होती आणि खात्याबरोबर गेली.

सुदैवाने काढलेलं खातं २० दिवसांच्या आत परत आणता येतं. ते आणलं आणि ॲडमिन कन्सोलमध्ये Drive and Docs खालच्या Transfer ownership मध्ये जुना पत्ता आणि नव्या मालकाचा पत्ता भरला. यात एकेक फाइल निवडावी लागत नाही, ‘माय ड्राइव्ह’मधलं सगळं जातं. नव्या मालकाकडे जुन्या पत्त्याच्या नावाचा एक फोल्डर येतो आणि आधीचं शेअरिंग तसंच राहतं.

एक गोष्ट मात्र मालकीबरोबर येत नाही. बाईंनी त्या शीटला स्क्रिप्ट जोडली होती, दर सोमवारी शाखांना आठवणीची मेल जायची. असा ट्रिगर तो लावणाऱ्याच्या खात्यावर चालतो. त्यामुळे नव्या मालकाला तो स्वतःच्या खात्यातून पुन्हा लावावा लागला.

हीच फाइल स्वयंसेवकाच्या खासगी जीमेलवर असती, तर ॲडमिनला काहीच करता आलं नसतं. खासगी खात्यातून संस्थेच्या खात्यावर मालकी देता येत नाही. मग प्रत काढली, तर प्रतीत जुन्या बदलांचा इतिहास येत नाही. म्हणून संस्थेची कागदपत्रं मी पहिल्यापासून ‘शेअर्ड ड्राइव्ह’मध्ये ठेवायला सांगतो. तिथे मालक संस्थाच असते, माणूस गेला तरी फाइल हलत नाही.

हे झालेलं नसेल तर खातं आधी नुसतं निलंबित करावं. लॉगिन थांबतं, पण शेअर केलेल्या फायली इतरांना उघडता येतात. परवान्याचे पैसे चालू राहतात, ते तेवढे दिवस भरावेत. मालकी हलवल्यावर सहकाऱ्याने ड्राइव्हच्या शोधात owner: लिहून पुढे जुना पत्ता टाकावा. एकही फाइल दिसली नाही, ट्रिगरही नव्या खात्यावर लागले, की मगच खातं काढावं.