सगळे सुखरूप, फक्त केस गेले

उत्तर लंडनमधल्या हॅरिंगेच्या ग्रीन लेन्सवर तुर्की न्हाव्यांची सलूनं एकाला एक लागून आहेत. इथला कारागीर केस कापून सोडत नाही. गरम टॉवेल, लिंबाच्या वासाचं कोलोन, आणि शेवटी पेटता बोळा कानाजवळून झपकन फिरवून कानावरची लव जाळणं, असा सगळा थाट असतो. पहिल्यांदा गेलेला माणूस खुर्चीचा हात घट्ट धरतो. ज्वाळा येते आणि जाते. आपण भाजलो का, हे कळायच्या आत कारागीर मान झटकायला घेतो.

चाळिशीनंतर पुढचे केस विरळ झाले, की लांब ठेवून तो विरळपणा झाकता येत नाही. काळे केस आणि उजळ कातडी यांतला फरक उलट जास्त दिसतो. केस बारीक केले की तो फरक कमी होतो. म्हणून मी वर मशीनचा दोन नंबर आणि बाजूला एक नंबर लावून घेतला. दोन म्हणजे साधारण सहा मिलिमीटर, एक म्हणजे तीन. सांगताना नंबरच सांगावा. ‘थोडे बारीक करा’ म्हटलं की कारागिराचं थोडं आणि आपलं थोडं यांत आठवडाभराची वाढ जाते.

पुढचं काम फोटोचं. डोक्यावरच्या दिव्याखाली उभं राहिलं तर टाळू चकाकते. खिडकीकडे तोंड केलं तर चकाकत नाही. हे सोपं होतं. अवघड होती फोटोखालची ओळ, कारण माझा एकच फोटो दोन गावांत वाचला जाणार होता.

लंडनच्या ऑफिसात कोणी स्वतःचं कौतुक करत नाही. ‘छान दिसतोय’ असं स्वतःच लिहिलं तर लोक अवघडतात, आणि स्वतःची थट्टा केली तर मोकळे होतात. मिरजेच्या घरचं गणित वेगळं. तिथे जवळजवळ भादरलेलं डोकं बघितल्यावर पहिला प्रश्न सौंदर्याचा नसतो. घरात कोणी गेलं की मुलगे डोकं भादरतात. त्यामुळे नुसता फोटो पाठवला असता, तर आईने फोन उचलून आधी ‘काय झालं रे?’ विचारलं असतं, आणि काकांनी त्याच दमात ‘तिरुपतीला कधी गेलास?’ आईच्या फोनवर सूचना येते तेव्हा फोटोआधी त्याखालचा मजकूर डोळ्यांत भरतो. म्हणजे धीर पहिल्याच शब्दांत द्यायला हवा.

पहिला मसुदा होता: ‘नवा मी.’ ह्यात आत्मविश्वास आहे, पण शाम्पूच्या जाहिरातीचा. दुसरा: ‘टकलू झालो, हसू नका.’ हसू नका म्हटलं की माणसं हसतात, आणि हसत नाहीत ती ‘अरे, छान दिसतंय’ म्हणून समजूत काढतात. समजूत काढून घेणं तर मला मुळीच नको होतं. तिसऱ्यात मी न्हाव्याला दोष दिला होता. तो लगेच पुसला. एक तर त्याने सांगितलं तेच केलं होतं, आणि दुसऱ्याने आपली वाट लावली म्हणणाऱ्याकडे ऐट कुठून येणार?

मग लक्षात आलं, थट्टा कापण्याची करायची नाही. कापण्याआधीच्या अवस्थेची करायची. कपाळ मागे सरकत होतं, ते सगळ्यांना दिसत होतं, तेव्हा त्यावर हसायला हरकत नाही. कापण्याचा निर्णय मात्र माझा, म्हणून वाक्याचं क्रियापदही माझ्याच हातात हवं. शेवटी लिहिलं:

‘सगळे सुखरूप. कपाळ बरीच वर्षं मागे सरकत होतं. शेवटी मीच त्याला रस्ता मोकळा करून दिला.’

हसरा चेहरा लावायचा मोह आवरला. विनोदाखाली तो लावणं म्हणजे स्वतःच्या विनोदाला स्वतःच टाळी देणं. ‘कसा दिसतोय?’ हेही नाही. विचारलं की उत्तर उधारीचं होतं. ओळ आखूड ठेवली, कारण मोबाइलवर लांब मजकूर मध्येच कापला जातो, आणि विनोदाचं शेपूट तुटलं तर उरतं ते फक्त गाऱ्हाणं.

ऑफिससाठी इंग्रजीत लिहिताना ‘सगळे सुखरूप’ गाळलं. तिथे ते ठेवलं असतं तर एखाद्याने खरंच काळजीने चौकशी केली असती. शेजारच्या टेबलावरचा सहकारी सकाळी म्हणाला, ‘वाईट नाही.’ इथल्या मापाने ही जवळजवळ आरती ओवाळल्यासारखीच गोष्ट.

मिरजेहून आईने अंगठा पाठवला. काकांनी तिरुपतीचं विचारलंच. आत्याने मात्र फोटो मोठा करून पाहिला असावा. तिने लिहिलं, ‘डोकं ठीक आहे. पण कान थेट तुझ्या आजोबांचे, हे इतकी वर्षं केसांनी झाकून ठेवलं होतंस होय रे!’