कापलेल्या दोऱ्याचं गणित

रविवारचा मेगाब्लॉक, म्हणून ठाण्याहून डोंबिवलीला जायचा बेत रद्द केला. तर तिथून भाच्याने मोबाईलवर एका आकृतीचा फोटो पाठवला. काट्यावर पाण्याचं भांडं, पाण्यात पूर्ण बुडालेला दगड, दगडाला दोरा. भांडं आणि पाणी मिळून १००० ग्रॅम, दगड ५०० ग्रॅम, दगडाचं आकारमान २०० घनसेंटिमीटर. काटा किती दाखवेल?

"मामा, माझं उत्तर १५०० येतंय, पुस्तकात १२०० दिलंय. उद्या पेपर आहे!"

फोटोत दोऱ्याचं वरचं टोक कापलं गेलं होतं, आणि सगळी गोम तिथेच आहे. मी पूर्ण पानाचा फोटो मागवला. दोरा वर स्टँडला, म्हणजे काट्याच्या बाहेर बांधलेला निघाला.

आता बघा. दगडाने २०० घसेंमी पाणी बाजूला सारलं, म्हणून पाणी त्याला २०० ग्रॅम वजनाइतक्या प्लावक बलाने वर ढकलतं. उरलेले ३०० ग्रॅम दोरा पेलतो, म्हणजे स्टँड पेलतो. पण पाणी दगडाला वर ढकलतं तेव्हा दगडही पाण्याला तितकाच खाली ढकलतो. म्हणून काटा १००० अधिक २००, म्हणजे १२०० दाखवतो.

"पण दगड तर तळाला टेकलेलाच नाही, मग काट्याला कळतं कसं?" भाच्याचा प्रश्न रास्त होता. कळतं ते दाबातून. समजा भांडं सरळ भिंतींचं आहे आणि तळ १०० चौरस सेंमी. दगड आत गेल्यावर पाणी २ सेंमी चढतं. त्यामुळे तळाच्या प्रत्येक चौरस सेंमीवर २ ग्रॅमचा भार वाढतो, एकूण २००. जमलं की नाही?

दोरा कापला आणि दगड तळाला बसला, तर मात्र भाच्याचे १५०० बरोबर. लाकडी चेंडू दोऱ्याने तळाला बांधला तरी चेंडूचं सगळं वजन काट्यावर येतं, कारण दोऱ्याची दोन्ही टोकं काट्यावरच आहेत. आणि भांडं काठोकाठ भरलेलं असेल तर? टांगलेला दगड २०० ग्रॅम पाणी बाहेर सांडतो, आणि काटा १००० वरच राहतो. म्हणून आकृतीत आधी दोऱ्याचं टोक शोधायचं, मग पाण्याची पातळी, सूत्र त्यानंतर.

विश्वास बसत नसेल तर स्वैपाकघरातला डिजिटल काटा घ्या. पाण्याचं पातेलं ठेवून तो शून्यावर आणा आणि पितळी बत्ता दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा. तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका, चिकटलेले बुडबुडे झटका. ४२० ग्रॅमचा भरीव बत्ता असेल तर काटा साधारण ५० दाखवेल, म्हणजे आकारमान ५० घसेंमी. भागाकार केला की पितळेची घनता ८.४ च्या आसपास येते. आकडा फारच कमी आला, तर बत्ता आतून पोकळ आहे असं खुशाल समजा!