मथळे तेवढे आधी पाठव

मुठा, ता. मुळशी

प्रिय मित्रा,

मंडळाच्या पत्रिकेतलं ‘आपल्या भागातल्या घडामोडी’ हे पान शेवटी तुझ्याच गळ्यात पडलं म्हणायचं. टोरांटोत बसून तू मला विचारतोस, की लोकांनी वाचावं म्हणून मथळे कसे द्यायचे, आणि ते देताना लोकांना फसवलं असं कसं होऊ द्यायचं नाही. तालुक्याच्या बातम्या मी इतकी वर्षं करतोय, पण हा प्रश्न इतक्या सरळपणे मला कुणी विचारला नव्हता. सगळे म्हणतात, “जरा कडक मथळा टाका.” कडक म्हणजे काय, ते मात्र कुणी सांगत नाही.

तुला नियम सांगत बसत नाही. पावसाळ्यात आमच्याकडे दरवर्षी येणारी एकच बातमी घेतो आणि तिचा मथळा कसा घडतो ते दाखवतो.

आमच्या वरच्या अंगाला लवार्ड्याजवळ टेमघर धरण आहे, तुला माहीतच आहे. आता समज, धरण पहाटे भरलं. पाटबंधारेवाल्यांनी सूचना काढली, की शनिवारी दुपारी बारापासून तीनशे क्युसेकने पाणी सोडणार, पाऊस वाढला तर विसर्ग वाढवणार, नदीपात्रात कुणी उतरू नये, आणि शेतकऱ्यांनी नदीतले पंप, मोटारी, जनावरं हलवावीत. बातमी एवढीच. पान लावणाऱ्याने जागा दिलीय दोन कॉलम, म्हणजे फार तर आठ-नऊ शब्द.

पहिला मथळा हाताशी तयारच असतो: ‘टेमघरबाबत मोठी बातमी, नदीकाठच्यांनो, हे वाचाच!’ यात खोटं एक अक्षर नाही. पण वाचणाऱ्याला जे हवं होतं, तेवढंच नेमकं लपवलेलं आहे. धरण भरलं, गळतंय की कोरडं पडलं, काहीच कळत नाही. असा मथळा एकदा चालतो, दोनदा चालतो. तिसऱ्यांदा खरंच मोठी बातमी येते, तेव्हा लोक पान उलटतात.

दुसरा मथळा जास्त घातक: ‘टेमघर ओसंडले, पुण्यावर पुराचे सावट’. नकाशा डोळ्यांसमोर आण. टेमघरचं पाणी आमच्या खोऱ्यातून खाली जातं ते थेट शनिवार पेठेत नाही, आधी खडकवासल्याच्या जलाशयात. पुण्यातल्या मुठेला किती पाणी येणार ते खडकवासल्याच्या दरवाजांवर ठरतं. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हा खडकवासल्यातून पस्तीस हजार क्युसेकहून जास्त विसर्ग चालू होता. लोकांना वेळेवर सूचना मिळाली की नाही, यावर नंतर बराच वाद झाला. आमचे तीनशे त्याच्या शंभराव्या हिश्शाएवढेही नाहीत. ‘सावट’ हा शब्द वापरला की पुरावा द्यावा लागत नाही, म्हणून तो डेस्कवर फार लाडका आहे. ‘खळबळ’, ‘थरार’ आणि ‘हाहाकार’ ही त्याचीच भावंडं.

तिसरा मथळा हुशार माणसाचा असतो, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटते: ‘टेमघरमधून दिवसाला ७३ कोटी लिटर पाणी!’ हिशेब बरोबर आहे. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर. तीनशेने गुणलं की साडेआठ हजार लिटर होतात, आणि दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी गुणलं की ७३ कोटींच्या पुढे जातं. आकडा खरा असूनही वाचणारा घाबरतो, कारण ७३ कोटी कशाच्या तुलनेत, हे त्याला सांगितलेलंच नाही. टेमघरची क्षमता ३.७१ टीएमसी, म्हणजे दहा हजार कोटी लिटरच्याही वर. त्यापुढे ७३ कोटी अगदीच किरकोळ. माझं मत विचारशील तर मथळ्यात एकक बदलून आकडा फुगवणं ही थापच आहे. फक्त ती पकडायला कॅल्क्युलेटर लागतो.

मग मथळा काय द्यायचा? मी असं करतो: ज्या माणसाला ही बातमी सगळ्यात जास्त लागणार, तो कोण ते आधी ठरवतो. पुण्यातला नव्हे, मुंबईतला नव्हे, तुझ्यासारखा परदेशातला तर नव्हेच. ज्याची पाच हॉर्सपॉवरची मोटर आत्ता नदीत आहे, तो. त्याच्यासाठी मथळा आपोआप होतो:

‘टेमघर भरले, नदीतल्या मोटारी शनिवारी दुपारपूर्वी काढा’

त्याखाली उपमथळा: ‘तीनशे क्युसेक विसर्ग, पाऊस वाढल्यास आणखी वाढ’. यात उद्गारचिन्ह नाही, तरी हा मथळा कुणी ओलांडून जाणार नाही, कारण त्यात एक वस्तू आहे, एक वेळ आहे आणि करायचं एक काम आहे. लक्ष वेधतं ते हेच. आणि ज्याने बातमी उघडलीच नाही, त्यालाही जे कळायला हवं ते कळलं. मथळ्यापुरतंच वाचणाऱ्यांची तक्रार करण्यात अर्थ नाही. बहुतेक लोक तेवढंच वाचतात, मग तेवढ्यातच त्यांचं काम झालं पाहिजे.

बघ, मी ‘आज’ लिहिलं नाही. रात्री लावलेलं पान सकाळी हातात पडतं, तेव्हा ‘आज’ म्हणजे कालचा की आजचा, असा घोळ होतो. शिवाय कात्रणाचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरायला लागला की पुढच्या आषाढातसुद्धा तो ‘आज’च राहतो. म्हणून वार घालायचा, आणि जागा असेल तर तारीखही. आमच्याकडे आणखी एक गंमत आहे. मुठा हे गावही आणि नदीही. ‘मुठा पाण्याखाली’ असं छापलं तर पुण्यातला माणूस चक्रावतो आणि गावातल्या माणसाचे नातेवाईक फोन लावत सुटतात. म्हणून ‘मुठा गाव’ किंवा ‘मुठा नदी’ असं स्पष्ट लिहायचं. एक शब्द जास्त गेला तर जाऊ दे.

आता प्रश्नचिन्हाचं सांगतो, कारण तू खास विचारलंयस. ऑगस्ट २०१६ मध्ये टेमघरच्या भिंतीतून मोठी गळती होत असल्याची बातमी गाजली. पुढे धरण रिकामं करून सिमेंटच्या ग्राउटिंगने दुरुस्ती झाली. अशा वेळी ‘टेमघर फुटणार?’ असं टाकायचा मोह कुणालाही होईल. प्रश्नच तर विचारलाय, आम्ही कुठे म्हटलं फुटणार! पण पुण्याच्या माणसाला १२ जुलै १९६१ चा पानशेत फुटल्याचा दिवस माहीत आहे, स्वतः पाहिला नसला तरी आजीकडून ऐकलेला आहे. त्याच्या डोळ्यांपुढे प्रश्नचिन्ह राहतच नाही, ‘फुटणार’ एवढंच उरतं. दगडी बांधकामाच्या धरणात थोडं पाणी झिरपतंच. ते किती वाढलं, कुठून येतंय आणि तपासलं कुणी, ही बातमी. ‘टेमघरच्या भिंतीतून गळती वाढली, तज्ज्ञांकडून तपासणी’ हा मथळा पुरेसा गंभीर आहे. उलट गळती खरोखर मोठी असताना ‘किरकोळ’ म्हणून ती झाकणं हीसुद्धा तेवढीच फसवणूक आहे, हे विसरू नकोस. घाबरवायचं नाही म्हणजे निजवायचं, असा अर्थ होत नाही.

तू म्हणशील, टिळकांनी १८९७ मध्ये ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ असा प्रश्नच मथळ्यात घातला होता. घातला होता, पण तो अग्रलेख होता. लेखकाचं उत्तर काय ते मथळ्यातच ऐकू येतं आणि खाली तो ते उघडपणे मांडतो. बातमीतलं प्रश्नचिन्ह मात्र बहुतेक वेळा वार्ताहराने न केलेल्या एका फोनच्या जागी बसलेलं असतं. फोन केला की ते निघून जातं.

आरोपांचंही असंच. भारतीय प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेत सांगितलंय, की मथळा मजकुराला धरून असावा, आणि मथळ्यात आरोप असेल तर तो कुणाचा ते सांगावं, निदान अवतरणचिन्हं तरी घालावीत. ‘पाणी योजनेत गैरव्यवहार’ आणि ‘पाणी योजनेत गैरव्यवहार, ग्रामस्थांचा आरोप’ यात दोनच शब्दांचा फरक आहे. पण पहिल्यात न्यायाधीश आपण झालेलो असतो.

म्हणींच्या वाटेला जपून जा. उन्हाळ्यात मुळशीत ‘धरण उशाला, कोरड घशाला’ हा मथळा दरवर्षी उगवतो. ऐकायला छान, आणि पुष्कळदा खरासुद्धा. पण टँकर दोनच वाड्यांवर चालू असेल, तर सगळा तालुका तहानलेला दाखवण्याचा आपल्याला हक्क नाही. त्या दोन वाड्यांची नावं मथळ्यात घाल. तिथल्या बाईला आपल्या वाडीचं नाव छापलेलं दिसलं, की म्हणीपेक्षा तीच बातमी चार घरं फिरते.

राहिली फोटोओळ. तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही, आणि खरी गडबड तिथेच होते. फोटोत पूल आणि पाणी दिसतंच, मग ‘पुलाखालून वाहणारे पाणी’ असं लिहून काय मिळवलं? जे दिसत नाही ते ओळीत द्यायचं: कुठला पूल, किती वाजता, पाणी वाढत होतं की ओसरत होतं. लांब लेन्सने काढलेल्या फोटोत मागचं पुढचं जवळ येतं. पुलापासून बरंच मागे असलेलं पाणी पुलाला टेकल्यासारखं दिसतं. फोटोग्राफरला विचारायचं, उभा कुठे होतास? तेही ओळीत घालायचं. आणि मागच्या वर्षीचा फोटो वापरला असेल, तर ‘संग्रहित’ हा शब्द फोटोच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत नको, ओळीत वर्षासकट हवा: ‘टेमघर धरण, ऑगस्ट २०२३ (संग्रहित)’. कात्रण कापताना कोपरा आधी कापला जातो.

फोटो काय सांगतो हे नेहमी तपासून घे. मध्यंतरी एकाने चिखलातल्या पंजाचा फोटो ‘बिबट्याचे ठसे’ म्हणून पाठवला. ठशापुढे नखांच्या टोकदार खुणा स्पष्ट दिसत होत्या. बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो, कुत्रा घेत नाही. तो फोटो गेला असता तर संध्याकाळपासून पोरं शाळेत पाठवायची की नाही याची चर्चा झाली असती, तीही कुठल्या तरी मोत्यापायी.

तिकडच्या तुझ्या पानावर धरणं नसतील. बर्फ, बंद रस्ते, गणपतीच्या हॉलची जागा बदलली, शाळेची प्रवेशाची तारीख, असलंच असेल. बर्फाच्या बातमीतही रस्त्याचं नाव आणि वेळ घाल, ‘बर्फाचे थैमान’ दुसऱ्यांना राहू दे. पहिला अंक तयार झाला की मथळे आणि फोटोओळी तेवढ्या मला आधी पाठव, बातम्या पाठवू नकोस. मथळे वाचून काय झालं ते मला कळलं नाही, तर फोन करून विचारीन.

तुझाच,
मुठ्याचा वार्ताहर