उच्चाराचे वीस गुण

आमच्या संस्थेच्या शाळा समितीला मी नुकतंच एक निवेदन दिलं. शिक्षक निवडताना प्रात्यक्षिक पाठाच्या गुणपत्रिकेत ‘उच्चार व भाषाशुद्धता’ असा वीस गुणांचा रकाना असतो. तो काढून टाकावा, अशी त्यात मागणी आहे. हा रकाना राहिला पाहिजे म्हणून याच समितीत मी वर्षानुवर्षं आग्रह धरला होता. त्यामुळे मत का बदललं, हे सविस्तर सांगणं मला माझं कर्तव्य वाटतं.

माझा जुना आग्रह पोकळ नव्हता. मी मराठी शिकवलं आहे. ‘पाणी’ला ‘पानी’ आणि ‘डोळा’ला ‘डोया’ म्हणणारे शिक्षक वर्गावर आले, तर मुलं तसंच बोलतील आणि तसंच लिहितील, अशी मला खरोखर भीती होती. पुण्याच्या शाळेत पालकही हेच विचारतात. म्हणून वऱ्हाड, मराठवाडा, खानदेश इथल्या उमेदवारांचे गुण त्या रकान्यात कापले जात, आणि मला त्यात काही गैर वाटत नसे.

मग पाचवीच्या गणिताच्या जागेसाठी निवड झाली. शेवटी दोन उमेदवार उरले. दोघींनी दोन तुकड्यांवर एकच पाठ घेतला: भिन्नछेद अपूर्णांकांची बेरीज. पहिल्या बाईंची मराठी ऐकत राहावी अशी होती. त्यांनी लसावि काढायचा, छेद समान करायचे, मग अंशांची बेरीज करायची, ही रीत फळ्यावर नीट मांडली. मुलांनी ती वहीत उतरवली. दुसऱ्या बाई अकोल्याकडच्या. ‘गुणाकार’ त्यांच्या तोंडी ‘गुनाकार’ होई, ‘आणि’चं ‘आनि’ होई, वाक्याची चालही वऱ्हाडीच.

त्यांनी सुरुवातीलाच १/२ + १/३ हे गणित दिलं. एका मुलानं अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून २/५ उत्तर काढलं. पाचवीच्या प्रत्येक वर्गात ही चूक होते, कारण मूल अपूर्णांकाला एक संख्या न मानता दोन सुट्या संख्या मानतं. बाईंनी उत्तर खोडलं नाही. त्यांनी विचारलं, ‘अर्ध्यापेक्षा दोन पंचमांश मोठं की लहान?’ मुलांनी कागदाच्या पट्ट्या घडी घालून पाहिल्या. अर्ध्यात काहीतरी मिळवलं आणि उत्तर अर्ध्याहून लहान आलं, हे त्यांच्याच लक्षात आलं. छेद समान का करावे लागतात, हा प्रश्न मग मुलांनीच विचारला.

गुणपत्रिकेत उच्चाराच्या रकान्यात पहिल्या बाईंना अठरा गुण मिळाले, दुसऱ्यांना सात. बाकीच्या रकान्यांत अकोल्याच्या बाई थोड्या पुढे होत्या, पण अकरा गुणांचं ते अंतर भरून निघालं नाही. निवड पहिल्या बाईंची झाली.

पुढच्या आठवड्यात वर्गशिक्षिकेनं दोन्ही तुकड्यांना एकच गणित घातलं: ३/५ + १/२. त्या वह्या मी पाहिल्या. पहिल्या तुकडीत ४/७ हे उत्तर बऱ्याच ठिकाणी होतं, आणि ते मिळवलेल्या ३/५ पेक्षाही लहान आहे हे कुणाला खटकलं नव्हतं. दुसऱ्या तुकडीत ते उत्तर क्वचित दिसलं. दोन-तीन वह्यांत तर ते लिहून, लहान-मोठं ताडून खोडलेलं होतं. दोन तुकड्यांवरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मला कळतं. पण ज्या गुणांनी निकाल फिरवला, त्यांचा या वह्यांशी काहीच संबंध नव्हता, एवढं मला दिसलं.

मग माझी जुनी भीती, ‘ऐकतील तसं लिहितील’, मी तपासायला घेतली. आमच्याच शाळेच्या श्रुतलेखनाच्या वह्या काढल्या. सर्वांत जास्त चुका ऱ्हस्व-दीर्घाच्या, त्याखालोखाल ‘श’ आणि ‘ष’च्या. हे भेद पुण्याच्या ‘शुद्ध’ बोलण्यातही धडपणे ऐकू येत नाहीत. ‘ऋ’ आपण ‘रु’ म्हणतो. ‘चमचा’तला च आणि ‘चहा’तला च वेगळा उच्चारतो, पण अक्षर एकच लिहितो. बोलताना ‘केलं’ म्हणतो आणि मुलांकडून ‘केले’ लिहून घेतो. मराठीचं लेखन साहित्य महामंडळाच्या १९६२च्या नियमांवर आणि वाचनाच्या सवयीवर उभं आहे. पुण्याच्या मुलालाही ते बोलण्यापासून वेगळं शिकावं लागतं, आणि आपण ते शिकवतोच.

उच्चारावरून आपण समजुतीचा अंदाज बांधतो, त्यात किती गफलत होते, हे संशोधकांनी मोजलं आहे. कॅनडातले मन्रो आणि डर्विंग यांचा १९९५चा अभ्यास आहे. त्यांनी चिनी मातृभाषा असलेल्यांचं इंग्रजी ऐकवून श्रोत्यांना ते शब्दशः लिहायला लावलं. ‘फार वेगळा उच्चार’ असा शेरा मिळालेली कितीतरी वाक्यं श्रोत्यांनी अचूक लिहिली होती. ऐकायला वेगळं वाटणं आणि न समजणं या दोन निरनिराळ्या गोष्टी ठरल्या. अमेरिकेत डोनाल्ड रुबिन यांनी १९९२ साली याहून बोलका प्रयोग प्रसिद्ध केला. अमेरिकन बाईच्या आवाजातलं एकच ध्वनिमुद्रित व्याख्यान विद्यार्थ्यांच्या दोन गटांना ऐकवलं. एका गटापुढे गोऱ्या बाईचं छायाचित्र ठेवलं, दुसऱ्यापुढे आशियाई बाईचं. आवाज तोच असूनही दुसऱ्या गटाला परका उच्चार ऐकू आला, आणि व्याख्यान त्यांना कमी समजलं. समितीत बसून अर्जावर ‘जिल्हा: अकोला’ वाचल्यावर मी काय ऐकत होते, हा प्रश्न मला तेव्हापासून सतावतो.

एका ठिकाणी मात्र मी उच्चाराचा आग्रह सोडलेला नाही, आणि निवेदनातही तसं लिहिलं आहे. पहिलीत अक्षर आणि ध्वनी यांची जोडी जुळवताना शिक्षकांना ‘काल’ आणि ‘काळ’, ‘मन’ आणि ‘मण’ वेगळे करून दाखवता आले पाहिजेत. पण याचीही परीक्षा समितीच्या कानांनी घेऊ नये. शिक्षकांनी अशा पाच-सहा जोड्या म्हणाव्यात आणि मुलांनी ऐकून लिहाव्यात. मुलांना भेद लिहिता आला, तर काम झालं. नाही आला, तर तेवढे ध्वनी घोटून घेता येतात, आणि ज्यांच्या घरी वऱ्हाडी बोलतात असे किती तरी शिक्षक ते सहज करून दाखवतात. त्यासाठी एरवीच्या बोलण्याची चाल बदलावी लागत नाही.

कायद्यातही या रकान्याला आधार नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २३ प्रमाणे शिक्षकांची किमान पात्रता राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद ठरवते. तिच्या २०१०च्या अधिसूचनेत पदवी-पदविका आणि शिक्षक पात्रता परीक्षा आहे. बोलण्याच्या लकबीचा उल्लेख कुठेही नाही.

समितीच्या सदस्यांना माझी विनंती एवढीच आहे. जूनच्या आधी होणाऱ्या निवडीपूर्वी हा रकाना काढा. ते वीस गुण पाठ संपल्यावर मुलांना दिलेल्या तीन प्रश्नांच्या उत्तरांना द्या, आणि त्या उत्तरपत्रिका उमेदवाराचं नाव व गाव झाकून तपासा. अकोल्याच्या बाईंचा अर्ज अजून कार्यालयात आहे. पुढची जागा निघेल तेव्हा त्यांना पुन्हा पाठासाठी बोलवा.