तिसऱ्यांदा तोच पाय
अम्मीचा डावा पाय तिसऱ्यांदा लाल होऊन सुजला, तापही चढला. पुन्हा सेल्युलायटिस. या वेळी डॉक्टरांनी आधी पायाची बोटं फाकवून पाहिली. बेचकीत भिजलेली पांढरी कातडी आणि एक चीर होती.

"जंतू इथूनच शिरतात. गोळ्यांनी पाय बरा होतो, पण हे दार उघडंच राहतं."

पेनिसिलिन गटातल्या गोळ्यांसोबत त्यांनी बुरशीवरचं मलम दिलं. लालीच्या कडेनं पेनानं रेघ आखली.

"दोन दिवसांनंतरही लाली रेघेपुढे पसरत राहिली, किंवा त्याआधीच उलट्या, गुंगी दिसली, तर लगेच ॲडमिट करा."

लाली रेघेच्या आतच ओसरली. आता वुजूनंतर अम्मीच्या बोटांच्या बेचक्या मी कोरड्या करते.